घर सोडा

पूरनियंत्रण कक्षात संदेश लिहिणाऱ्या ताईचे वडील, अण्णा, नदीकाठी एकटे राहत आणि सरकारी शब्द वेदवाक्य मानत. सकाळी ‘सूचना’ आली, रस्त्यात पाणी साचेल. अण्णांनी बाजार टाळला. मग ‘सतर्कता’ आली, पूर येऊ शकतो. त्यांनी पिशवी भरली. दुपारी ‘इशारा’ आला, पूर येतोय, उंचावर जा. अण्णा माळ्यावर जाऊन बसले.

“अण्णा, निघा की आता!” ताई फोनवर कळवळली.

“आदेश कुठाय? उंचावर जा म्हणालात, आलो.”

कक्षातले साहेब आदेश काढण्याआधी लोकांना न्यायच्या बसगाड्यांची वाट पाहत होते. “इशाराच पुन्हा पाठव, ठळक अक्षरांत.”

“ठळक केला तरी तो इशाराच, साहेब. लोक माळ्यावर बसलेत, आणि पाणी माळ्यापर्यंत येणार, असं आपलाच तक्ता सांगतोय.”

साहेबांनी तक्ता पाहिला आणि स्थलांतराच्या आदेशावर सही केली. संदेश गेला: नदीकाठच्या सर्वांनी आत्ताच घर सोडून टेकडीवरच्या शाळेत जावे.

देव पावला. वीस मिनिटांत शाळेतून फोन आला.

“पोचलो. तुमचं खातं भारी आळशी गं! मी केव्हाचा चपला घालून बसलो होतो.”