उतरता उतरता

अरुंधतीनं वाक्य पाच वेळा बदललं होतं. जालन्यातल्या बियाणे कंपनीत ती आणि प्रितम एकाच हुद्द्यावर होते. तो शेतावरचे प्लॉट बघायचा, ती प्रयोगशाळेत उगवण तपासायची. दोन वर्षांची मैत्री, आणि गेल्या दिवाळीपासून तो समोर आला की तिची मोजणी चुकायची.

"तुझ्याशिवाय करमत न्हाई, हे बिलकुल नको," मैत्रीण अफ्रीन फोनवर म्हणाली. "समोरच्यावर ओझं पडतं."

"मंग 'तुला माझ्याबद्दल काय वाटतं' असं विचारू?"

"ती तर परीक्षा झाली. तू तुझं सांग अन् मोकळी हो. त्याला लगेच जवाब द्यावा लागू नये, असं बघ."

शनिवारी दोघांना टेंभुर्णीला प्लॉट बघायला जायचं होतं. जाताना बोलावं असं तिच्या फार मनात आलं. पण तो नाही म्हणाला तर बिचाऱ्याला दिवसभर शेजारी बसावं लागणार. परतीच्या वाटेवरही नको, ड्रायव्हर भागवतकाकांचे कान तिकडेच. तिनं ठरवलं, गाडीतून उतरल्यावर. मधे रविवार आहे, त्याला विचार करायला मिळेल.

कंपनीच्या फाटकापाशी दोघं उतरले. भागवतकाका गाडी आत घेऊन गेले. प्रितमनं मोटारसायकलची किल्ली काढली. पाच वेळा बदललेलं वाक्य आठवून अरुंधतीला हसूच आलं.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"एक सांगायचंय. मला तू आवडतोस. मैत्रीपेक्षा थोडा जास्त. तुझ्या मनात तसं नसलं तरी माझं काही अडत नाही. आत्ता काही बोलू नकोस. चल, माझी रिक्षा आली."

रिक्षा खरंच आली होती. ती बसली, हात हलवला, आणि वळणापलीकडे गेल्यावर दोन्ही हातांनी तोंड झाकून खुदखुदली. सांगितलं होतं! रविवारी तिनं त्याला एकही मेसेज केला नाही. तेवढं मात्र अवघड गेलं.

सोमवारी तो प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला.

"अरू, मी लई विचार केला. माझ्या मनात मैत्रीच आहे. पण तू असं सरळ सांगितलंस, मला भारी वाटलं. घाबरलो न्हाई मी."

छातीत काहीतरी टोचलं. तिनं ते टोचू दिलं.

"बरं झालं स्पष्ट बोललास," ती म्हणाली. "आता तुझ्या त्या मक्याच्या बियाण्याचं बघ. शंभरातले एकसष्टच उगवलेत."

"एकसष्ट? मोजायला चुकलीस तू."

"ये, तूच मोज."

तो खरंच आत आला, बाही सारून ट्रेवर वाकला आणि मोठ्यानं मोजू लागला. चाळिसाच्या पुढं दोघंही भांडायला लागले, हा कोंब धरायचा की नाही. भांडता भांडता अरुंधतीच्या लक्षात आलं, आपल्याला नेहमीसारखंच बोलता येतंय. तिला पुन्हा हसू फुटलं, आणि या वेळी त्यालाही.