मामांचा आशीर्वाद

"आये, नाव घेतलं की दोन सेकंद थांब! एसटी सुटल्यावाणी काय बोलतीस?" रुपेशनं मोबाईल खाली घेतला.

"मग तूच बोल की!" शकुबाई फणकारली.

शकुबाईचा नवरा तुळशीदास वारून महिनाच झाला व्हता. त्याच्या भाचीच्या लग्नाला मायलेक जाणार नव्हते, व्हिडिओच धाडणार व्हते.

तिसऱ्या खेपेला शकुबाई सावकाश बोलली. "प्रतीक्षा, जय भीम. दोघं एकमेकाला जपा. आता तुझे मामा आशीर्वाद देतील."

सवयीनं बोलून गेली, अन् शेजारच्या मोकळ्या जागेकडं वळली.

मोबाईल चालूच व्हता. रुपेशला रडू आलं न्हाई, कायच आलं न्हाई. शेवटी मोबाईलमागूनच तो म्हणाला, "सुखी राहा, ताई. मंगल होवो."

काही न कापता त्यानं व्हिडिओ तसाच धाडला.

"परत घ्यायचा का रं?"

"नको, गेला तो. मला कामावर निघायचंय आता."