वसंत खूप वाढले आहेत

माझी मुलगी अवनी पवईला राहते आणि कॉम्प्युटरवर काम करते. काय काम करते ते तिने मला अनेकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी मी मान डोलावली आहे. हे गेल्यावर आमचे गुंतवलेले पैसे ती बघू लागली. पहिल्या वर्षी ती दर महिन्याला मला एक तक्ता पाठवायची. त्यात एक्सआयआरआर, अल्फा, एनएव्ही असं काहीबाही असे. मी तिला फोन केला.

"अवनी, तीस वर्षं मी ट्रंक ऑपरेटर होते. कलकत्त्याचा माणूस बोलायला लागला की मुंबईच्या माणसाला कळायला हवं, एवढंच आमचं काम. तुझा तक्ता मला कळत नाही."

"मग काय हवंय?"

"कोण वर गेलं, कोण खाली आलं, मी काही करायचं की नाही. मराठीत."

तिने एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या सूचना. दर शनिवारी अकरा वाजता ती आपण होऊन चालते. शुक्रवारचे भाव जाहीर झालेले असतात ते उचलते, माझ्याकडे जेवढी युनिटं आहेत त्यांनी गुणते, मागच्या शुक्रवारशी ताडून बघते आणि फरकाप्रमाणे आधीच लिहून ठेवलेल्या वाक्यांतलं एक निवडून मला ईमेल करते. फरक थोडा असेल तर "जागच्या जागी आहे". जास्त पडलं तर "उतरलं आहे, पण आपण काही करायचं नाही". अवनी म्हणाली, "आई, यात अक्कल कुठेच नाही. नुसती वाक्यं आहेत." ऑफिसातल्या साहेबांचंही तसंच असायचं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

अडचण नावांची आली. फंडांची नावं एवढी लांब, की ओळ संपली तरी नाव संपत नसे. तेव्हा मला आमचं जुनं एक्स्चेंज आठवलं. तिथे आम्ही मुली प्रत्येक गावाच्या लाइनला माणसाचं नाव द्यायचो. नागपूरची लाइन सारखी खरखरायची, तिला आमच्या खोकणाऱ्या सुपरवायझरांचं नाव होतं. बडोद्याची गोड लागायची, तिला एका नटीचं. नाव दिलं की लाइनचा स्वभाव लक्षात राहायचा. मी अवनीला सांगितलं, मला माणसांची नावं दे.

मोठ्या कंपन्यांचा फंड भारदस्त आणि हळू चालणारा. त्या राजलक्ष्मी, माझ्या नणंद, दादरला राहतात. ज्येष्ठ नागरिकांची सरकारी योजना वर-खाली होत नाही, दर तीन महिन्यांनी न बोलता व्याज आणून देते. ते साहजिकच हे. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, म्हणून अवनीने फाइलमध्येही "हे" असंच टाकलं. आणि लहान कंपन्यांचा फंड, जो कधी उड्या मारतो तर कधी तोंडावर पडतो, तो वसंत.

वसंत माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. धंदे मात्र पुष्कळ केले. ठाकुरद्वारला टायपिंग क्लास काढला तेव्हा लोक कॉम्प्युटर शिकायला लागले होते. कॅसेटची लायब्ररी काढली तेव्हा सीडी आल्या. एसटीडी बूथ घेतला त्याच वर्षी लोकांच्या खिशात मोबाइल आले. मधल्या काळात ते गिरगावात आमच्याकडे जेवले, आणि त्याबद्दल आमच्या घरात कोणी कधी बोललं नाही. आता ते प्रभादेवीला एका खोलीत राहतात आणि दर शनिवारी माझ्याकडे नाश्त्याला येतात.

एका शनिवारी मी ईमेल मोठ्याने वाचला. "राजलक्ष्मी जागच्या जागी आहेत. हे नेहमीसारखेच. वसंत उतरले आहेत, पण आपण काही करायचं नाही."

भावोजींच्या हातातलं थालीपीठ हातातच राहिलं. "माझ्याबद्दल हे कोणी लिहिलं?"

मी सगळं समजावलं. त्यांना समजलंही. त्यांची बुद्धी उत्तम आहे, फक्त ती उशिरा येते. ते म्हणाले, "फंड आहे, मी नाही, कळलं. पण नाव माझं आहे ना वहिनी? मग जबाबदारी माझी."

दुसऱ्या शनिवारी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. फंड आणखी उतरला होता. "या आठवड्यात जरा कमी पडलो," ते म्हणाले आणि दुसरं थालीपीठ घेतलं नाही. मग त्यांनी सिगारेट सोडली. मंगळवारी सिद्धिविनायकाला जायला लागले. सकाळी फिरायला लागले. मी म्हटलं, "अहो, याने फंड वाढत नाही." ते म्हणाले, "न करून वाढत नव्हता, तेही तुम्ही पाहिलंत."

आणि फंड वाढायला लागला. बाजारच तसा होता, लहान कंपन्यांना सगळीकडे भाव आला होता. पण शनिवारमागून शनिवार "वसंत चांगले वर गेले आहेत" असं येऊ लागलं आणि भावोजी दारातूनच "वाचा" म्हणायला लागले. राजलक्ष्मीवन्संना बातमी पोचली. त्यांचा फोन आला.

"मी काय करते आहे या आठवड्यात?"

"जागच्या जागी आहात, वन्सं."

"मागच्या आठवड्यातही तेच होतं! ती पोरगी मुद्दाम लिहिते."

"भारदस्त माणसं हळूच चालतात."

"मला लठ्ठ म्हणतेस का?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि अवनीला सांगून तो ईमेल स्वतःलाही सुरू करून घेतला.

साधारण वर्ष असं गेलं. सत्तर वर्षांचे भावोजी आमच्या वाडीतल्या लोकांना थांबून थांबून सांगत, "सध्या मी फॉर्मात आहे." आणि मग एका शनिवारी ईमेलमध्ये एक नवीन वाक्य आलं. मी ते न बघताच मोठ्याने वाचायला घेतलं, हीच माझी चूक.

"वसंत खूप वाढले आहेत. शंभरातले तेवीस रुपये त्यांच्यात आहेत. ठरल्याप्रमाणे पंधरा असायला हवेत. त्यातले आठ काढून घरखर्चासाठी बँकेत ठेवावेत."

भावोजी उठले. चप्पल घालताना म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा वर गेलो वहिनी. तेव्हाच कापायला निघालात?" आणि गेले. चहा तसाच राहिला.

मी अवनीला फोन लावला. तिने शांतपणे सांगितलं, "नियम तूच मान्य केला होतास. तुझ्या वयाला लहान कंपन्यांत शंभरातले पंधरा. वीसच्या वर गेले की स्क्रिप्ट सांगते. हा फंड निम्म्याने पडलेलाही मी पाहिलाय. तुला वर्षभराचा खर्च लागतो. पडला की विकायला लागण्यापेक्षा वर असताना काढायचे."

"भावोजी रागावलेत."

"आई, ती फाइलमधली एक ओळ आहे. मी नाव बदलून स्मॉल कॅप करते. दोन सेकंद."

"खबरदार! वर्षभर राबलेत ते."

"कोण राबलंय?"



पुढच्या शनिवारी भावोजी आले नाहीत. त्यांनी ईमेल केला, मला नाही, स्क्रिप्टला. तो अवनीकडे गेला आणि तिने मला पाठवला. "माननीय स्क्रिप्ट यांस, सप्रेम नमस्कार. मागील एक वर्षातील माझी कामगिरी आपणांस ज्ञात आहेच. तरी माझ्यात कपात करण्याचे कारण लेखी कळवावे. आपला, वसंत." स्क्रिप्ट फक्त पत्रं पाठवते, आलेली वाचत नाही. पण त्याच सकाळी अकरा वाजता ती नेहमीप्रमाणे चालली, आणि तो ईमेल वन्संनी हौसेने भावोजींकडे पाठवून दिला. "वसंत खूप वाढले आहेत. शंभरातले चोवीस रुपये त्यांच्यात आहेत. नऊ काढावेत."

भावोजींचा फोन आला. "उत्तर आलं! विचारलं म्हणून आणखी एक रुपया वाढवला. दंड!"

"भावोजी, या हो नाश्त्याला."

"नऊ रुपयांचा माणूस राहिलोय मी, मला कशाला बोलावता?"

"पंधरा."

त्यांनी फोन ठेवला. दुसराही शनिवार रिकामा गेला. एकटीसाठी थालीपीठ थापायला हात वळेना. मला वहिनी म्हणणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. ऑफिसात मी मॅडम होते, शेजारी मी आजी आहे. नवी नवरी म्हणून त्या घरात आले तेव्हा शाळेच्या गणवेशात दारात उभं राहून ज्याने पहिल्यांदा वहिनी म्हटलं, तो माणूस रागावून प्रभादेवीला बसला होता. आणि पैसे न काढावेत तर तेही बरं नाही, हे मला अवनीइतकंच कळत होतं. बाजार कोसळला तर वर्षभराचा किराणा कुठून आणू?

मी टॅक्सी केली आणि प्रभादेवीला गेले. भावोजी खिडकीपाशी बसले होते. दाढी वाढलेली.

"सिगारेट पुन्हा सुरू केलीत?"

"आता कोणासाठी सोडू?"

मी खाटेवर बसले. वाटेत मनाशी पुष्कळ वाक्यं जुळवली होती, पण खरं बोलायचं ते तिथे बसल्यावर सुचलं. "भावोजी, तुमचे भाऊ पहिल्या तारखेला काय करायचे?"

"दादा? पगाराचं पाकीट आणून देवापुढे ठेवायचा. मग आई उचलायची. नंतर तुम्ही."

"त्यांनी तो पगार काय शिक्षा म्हणून ठेवला? तो काढून घेतला तेव्हा ते कमी झाले का?"

त्यांनी खिडकीकडचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"घर चालवायला पैसे काढायचे तर ते कमावत्याकडूनच काढतात. वन्संकडून काही काढा असं लिहिलंय का ईमेलमध्ये? नाही. कारण त्या जागच्या जागी आहेत."

भावोजींचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "म्हणजे या वर्षी घर..."

"तुम्ही चालवायचं. दूध, किराणा, विजेचं बिल, सगळं."

"दादाचं व्याज?"

"ते माझ्या औषधाला ठेवते. घर तुमच्यावर."

ते उठून मोरीकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. बाहेर आले ते दाढी करूनच. "पंधराच्या खाली नेऊ नका हं," ते म्हणाले. "थोडं भांडवल लागतं माणसाला."

सोमवारी त्यांनी माझ्याकडे येऊन स्वतःच्या देखरेखीखाली विक्री करवली. अवनी फोनवरून कुठे बोट लावायचं ते सांगत होती. ओटीपी आला तो भावोजींनी उभं राहून, एकेक आकडा सुटा सुटा वाचला. पैसे खात्यात यायला दोन-तीन दिवस लागतात असं अवनी म्हणाली. ते दोन-तीन दिवस भावोजी मुक्कामालाच राहिले.

गुरुवारी सकाळी बँकेचा मेसेज आला. भावोजींनी माझा मोबाइल हातात घेतला, मेसेज उघडा ठेवला, देवघरात नेला आणि देवांपुढे पाटावर ठेवला. हळद-कुंकू वाहायला लागले तेव्हा मी काचेवर नको म्हणून हात धरला, तर त्यांनी अक्षता तेवढ्या टाकल्या. स्क्रीन सारखा काळा पडत होता. दर वेळी ते बोट लावून तो पुन्हा उजळवत होते आणि पुन्हा हात जोडत होते.

दुपारी त्यांनी वन्संना फोन केला. "ताई, रविवारी जेवायला ये. बोंबील आणि कोलंबी. हो, माझ्याकडून. गिरगावात, वहिनींच्या घरी, पण माझ्याकडून."

वन्सं आल्या. जेवताना एकदम म्हणाल्या, "कोलंबी ताजी आहे हो, वसंत."

"आणखी घे," भावोजी म्हणाले, आणि वाढायची पळी त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली.