आग कशाची?

सहा महिने आमचे हे माह्या भाजीले शिव्या देत होते. तोंडाची आग होते म्हणे. मी मिरची बंद केली, तरी आग तशीच!

अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईनं तोंड उघडायले लावलं, तर दोन बोटंही आत जाईनात. गाल आतून पांढरे, ताठ झालेले. तिनं ह्यांचा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद करायले सांगतलं, गालात इंजेक्शनं देली, रोज दातांत आइस्क्रीमच्या काड्या रचून तोंड ताणायले सांगतलं.

महिन्यानं हे छाती फुगवून म्हणाले, "खर्रा सोडला, म्याडम. तंबाखू बंद. आता निस्ती सुपारी खातो."

"अहो, हा रोग सुपारीनंच होतो!"

हे माह्याकडे पाहू लागले.

"पाहता काय? आता सुपारीले द्या शिव्या, तोंड उघडन तेवढ्या."