दुसरी नोटीस

ही १९३६ सालची गोष्ट. माझे यजमान निसार जाऊन साडेचार महिने झाले होते. देवळाली कॅम्पात त्यांचं आणि इसाकभाईंचं शिलाईचं दुकान भागीत होतं. इद्दतीचे, म्हणजे विधवेने घरात राहण्याचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत मी नाशकातल्या आमच्या दोन खोल्यांबाहेर पडले नव्हते. मूलबाळ नव्हतं आणि माहेर लांब निजामाच्या मुलखात. दर गुरुवारी इसाकभाई निसारच्या कबरीवर फुलं घालून माझ्याकडे येत, दाराशी स्टुलावर बसत, चहा पीत आणि साखर कमी पडल्याची तक्रार करत. आठवड्यात घरात दुसऱ्या माणसाचा आवाज घुमे तो तेवढाच.

अशाच एका गुरुवारी त्यांनी चेक पुढे केला. साडेतीनशे रुपयांचा. कॅम्पातल्या एका कंत्राटदाराने शिलाईपोटी आदल्याच दिवशी इसाकभाईंच्या नावे दिलेला. चेकच्या पाठीवर माझं नाव घालून त्यांनी सही केली.

“भाभी, हा निसारचा हिस्सा. उद्याच बँकेत जा. पेटीत ठेवून त्याला ईदची वाट बघायला लावू नका.”

शुक्रवारी गेले. कारकुनाने वही उघडली, मिटली आणि एक चिठ्ठी लावून चेक परत दिला. कंत्राटदाराच्या खात्यात पैसेच नव्हते.

“माझ्याकडे बघू नका, बाई,” तो म्हणाला. “मी फक्त चिठ्ठी लावतो.”

आमच्या गल्लीत कारभारीराव वकील राहत. त्यांनी चेक दोन्ही बाजूंनी पाहिला.

“कंत्राटदार जबाबदार आहेच. आणि पाठीवर सही करणारा हा इसाकही. दोघांना नोटीस द्यावी लागेल. ते देवळालीत, तुम्ही नाशकात. गाव वेगळं असलं की नोटीस पुढच्या टपालाने निघावी, नाहीतर चेक परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे उद्या. टपालात हरवली तरी हरकत नाही. पण निघालीच नाही, तर ज्याला धाडली नाही तो सुटला.”

“इसाकभाई गुरुवारी येतातच. तोंडी सांगितलं तर?”

“तोंडी चालते. पण गुरुवारपर्यंत थांबून नव्हे. शिवाय चेक परत आला एवढं सांगून भागत नाही. ‘पैशाला तुम्ही जबाबदार आहात’ हेही त्याला सांगायला हवं. सांगाल?”

मी चेक उचलून पुन्हा पिशवीत ठेवू लागले.

“गुरुवारी चहा द्या,” वकील म्हणाले. “नोटीस उद्या.”

त्यांनी दोन नोटिसा लिहून दिल्या. शनिवारी टपाल कचेरीत कंत्राटदाराची रजिस्टर केली. दुसरी हातातच राहिली. ‘सदर रकमेस आपण जबाबदार आहात.’ हे वाक्य इसाकभाई शिलाई थांबवून वाचतील, घडी घालून खिशात ठेवतील आणि पुढच्या गुरुवारी येणार नाहीत, असं मला दिसत होतं. खिडकी बंद होईपर्यंत उभी राहिले. मग नोटीस घेऊन घरी आले. मी विसरले नव्हते. जाणूनबुजून केलं.

गुरुवारी ते आले. त्यांना सगळं कळलं होतं. त्याच कंत्राटदाराचा आणखी एक चेक त्यांच्याही हाती परत आला होता.

“नोटीस धाडली?”

“कंत्राटदाराला.”

“मला?”

“तुम्हाला कशी धाडू, इसाकभाई?”

चहा त्यांनी हाती घेतला आणि तसाच खाली ठेवला.

“मी वाट बघत होतो. आली असती तर एक मशीन विकलं असतं, तुमच्याशी कडाडून भांडलो असतो आणि चहा प्यायलो असतो. आमचे वकील म्हणतात, आता मी सुटलो.”

“मग झालं तर.”

“झालं कसलं, भाभी? आता कोणत्या तोंडाने येऊ?”

सुटलो तरी पैसे देतो, असं ते म्हणाले नाहीत. ते न म्हणणं मला ऐकू आलं, आणि मला ऐकू आलं हे त्यांनाही कळलं. त्यानंतरच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत.

दावा लावायला तीन वर्षांची मुदत होती. पैशांपेक्षा घरातला शुकशुकाट असह्य होऊन मी दुसऱ्या वर्षी कंत्राटदारावर दावा लावला. पाठीवरची सही शाबीत करायला वकिलांनी इसाकभाईंना साक्षीला बोलावलं. ते आले. केस पांढरे झाले होते. पिंजऱ्यात उभे राहून म्हणाले, “सही माझी आहे. पैसे यांचेच आहेत.” खाली उतरल्यावर त्यांनी मला सलाम केला, तब्येत विचारली आणि देवळालीची मोटार गाठायला निघून गेले.

निकाल त्याच आठवड्यात माझ्या बाजूने लागला. कारभारीराव खुशीत होते.

“हुकूमनामा झाला, बाई. आता कोर्टात यायला नको.”

“आणखी एक तारीख नाही मिळायची?” मी विचारलं. “त्यांच्या साक्षीसाठी?”

वकिलांनी चष्मा काढला. “जिंकल्यावर साक्ष कशाला?”

घरी आल्यावर मी दाराशी ठेवलेलं स्टूल पुसलं.