मावशीचा लास्ट चान्स

संशय घेणं हा माझा धंदा आहे. वकिलीत येऊन फार दिवस झाले नाहीत, पण एवढं शिकले: कागदापेक्षा कागद वाचून दाखवणाऱ्याकडे आधी बघावं. सुजय साहेबांना हे पटत नसे. भिलाईतल्या त्यांच्या ऑफिसात मी ज्युनियर. ते म्हणत, "भूमिका, तुले ना, दुधातबी माशी दिसते." दिसते खरी. माशी पडलेलीच असते, त्याला मी काय करू?

अंजनाबाईंच्या केसमध्ये मात्र सगळेच एकमेकांवर संशय घेऊन बसले होते. अंजनाबाई भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीतल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या. नवरा भाऊराव स्टील प्लांटमधून रिटायर होऊन वारला. जवळच्या कुरुदला त्याने बांधलेलं घर मागे राहिलं आणि तेवढाच त्यांचा आधार. दिराने, दयारामने, भावाचं मृत्युपत्र पुढे केलं, घर म्हणे आपल्याच नावाने लिहिलंय. अंजनाबाईंनी दुर्ग कोर्टात दावा लावला. त्यांचं म्हणणं शपथेवर दाखल झालं होतं. आता समोरच्या वकिलाने त्यांना प्रश्न विचारायचे, ते झाल्याशिवाय त्या शपथेला कोर्टात किंमत नाही. आणि बाई लागोपाठ दोन तारखांना आल्याच नाहीत. दुसऱ्या वेळी कोर्टाने त्यांची साक्ष बंद करून टाकली.

साहेब चिडले. "हिले दयारामनं फोडली."

तिसऱ्या दिवशी बाई स्वतःच ऑफिसात आल्या. मागे भाचा सोनू. त्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवलेलं, आता कुठल्याशा एजन्सीत कामाला. बाईंनी खुर्चीसुद्धा घेतली नाही.

"वकील साहेब, तुमी दयारामशी मिळाले का? तो माह्या घराची नापजोख करून राहिला!"

"अहो, तुम्ही तारखेला आला नाहीत," साहेब ओरडून म्हणाले. ओरडावंच लागतं. प्लांटजवळच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं काम करून बाईंचे कान गेलेत. फोनवर त्यांना काही ऐकू येत नाही, म्हणून ऑफिसातून त्यांना मेसेजच जातात.

"कशी येऊ? डेट पुढं गेली म्हणून सोनूनं वाचून दाखवलं!"

मी सोनूकडे बघितलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. "इंग्लिश में लिखा था दीदी, समझने में गलती हो गई," तो म्हणाला. दोन्ही वेळा तीच चूक. माझ्या डोक्यात माशी घोंगावायला लागली.

आमचे मेसेज इंग्रजीतच जात. साहेबांचा नियम होता: कोर्टाचं काम म्हणजे फॉर्मल काम. सगळ्या क्लायंटना तोच मजकूर, "काइंडली रिमेन प्रेझेंट पॉझिटिव्हली." बँकेतल्या माणसाला तो समजायचा. अंजनाबाईंना तो समजून सांगायला सोनू लागायचा. म्हणजे आम्ही आणि आमची क्लायंट यांच्यामध्ये आम्हीच एक माणूस उभा केला होता, फुकट.

"मावशी, तुम्हाले मराठी वाचता येते?" मी कानाशी जाऊन विचारलं.

"आमगावच्या शाळेत चौथी पास हो मी," त्या फणकारल्या. "समोरची पाटी वाचू का? ताजी जलेबी, शुद्ध घी. शुद्ध कायचं, डालडा हाय."

साक्ष पुन्हा उघडावी म्हणून आम्ही अर्ज दिला. कोर्ट मानेल की नाही, सांगता येत नव्हतं. "मंजूर झालं की मेसेज करतो," साहेब म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावर विश्वासाचं नाव नव्हतं. जाताना सोनूने त्यांचा फोन आपल्या खिशात टाकला. बाईंनी तो मागून घेतला नाही. मला ते खटकलं.

अर्ज मंजूर झाला, पण कोर्टाने स्पष्ट बजावलं: ही शेवटची संधी. साहेब त्या दिवशी बिलासपूरला हायकोर्टात. मी धर्मेंद्रला, आमच्या मुन्शीला म्हणजे कारकुनाला, कॅम्पात पाठवलं. दारात सोनू. "मौसी उतई गावाले गेली हाय," म्हणाला. धर्मेंद्रला आतून बाईंचा खोकला ऐकू आला. पण मुन्शी क्लायंटच्या घरात घुसून काय करणार? आपल्या क्लायंटला आपणच ओढून नेतो असा उद्या बोभाटा झाला, तर दयारामचा वकील आम्हालाच कोर्टात नाचवेल.

मग मी ऑफिसच्या फोनवरून मेसेज लिहिला. मराठीत, अगदी शुद्ध. नागपूरच्या एका मैत्रिणीकडून मजकूर तपासून घेतला. "आपल्या प्रकरणात वादीच्या उलटतपासणीकरिता दिनांक निश्चित झाला असून आपण जातीने उपस्थित राहावे." वाचून मलाच छान वाटलं. सोनू कामावर गेला की फोन घरी बाईंकडेच असायचा; बाई आता स्वतः वाचतील, सोनूची गरज नाही.

संध्याकाळी बाईंचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. ऐकू येत नसलं तरी बोलता येतं की.

"वकील साहेब, ही भाषा तुमाले कुठून आली? असं तर दयाराम लिवते. 'वहिनी, आपण जातीने यावे, सामोपचाराने मिटवावे.' नागपूरले नोकरी होती त्याची, तेव्हापासून त्याच्या तोंडी असंच. कोर्टाचा कागद मराठीत कोण धाडते? मी पाह्यलं नाई आजवर. तुमी त्याच्याकडे गेले, मले समजलं. मी येत नाई."

मी फोन खाली ठेवला. रागच आला आधी, मग भीती वाटली. बाई बोलतात ते चूक नव्हतं. भिलाईत आमची मराठी घरात राहते. लग्नपत्रिका, तेराव्याचं कार्ड, बायांच्या हळदीकुंकवाचा निरोप, इथवर तिची पोच. ऑफिसचा, बँकेचा, प्लांटचा, कोर्टाचा कुठलाही कागद हिंदीत नाहीतर इंग्रजीत येतो. त्यामुळे सरकारी कामाची गोष्ट गोड, शुद्ध मराठीत आली की आमच्या माणसाला वाटतं, घरातलाच कोणीतरी फसवून राहिला. आणि बाईंना फसवणारा घरातलाच होता.

साहेब परतले. आवाज ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणून सांगत होतो! फॉर्मल आहे ना? इंग्लिश. विषय संपला."

"इंग्लिश पाठवलं की सोनू वाचेल," मी म्हटलं. "आणि सोनू काय वाचेल ते तुम्हाला माहीत आहे."

"तो दयारामशी मिळालाय, याचा तुझ्याकडे पुरावा आहे?"

"नाही. तोंड पाहिलंय त्याचं."

साहेब हसले नाहीत. मी मसुदा पुढे केला. वरच्या दोन ओळी इंग्रजीत, इंग्रजी अक्षरांत, बाईंच्या फायलीतल्या कागदांवर असतात तशाच: केस नंबर, कोर्टाचं नाव, साहेबांचं नाव आणि पदवी. त्याखाली मराठीत:

"श्रीमती अंजनाबाई भाऊराव. तुमच्या केसची डेट मंगळवारी, दुर्ग कोर्ट, सकाळी साडेदहा. तुमचं क्रॉस आहे. म्हणजे समोरचा वकील तुम्हाले सवाल विचारणार. हा लास्ट चान्स आहे. स्वतः यावं लागेल. आधार कार्ड आणा. डेट वाढली असं कोणी म्हटलं तर मानू नका."

साहेबांनी दोनदा वाचलं. "ही काय खिचडी? 'तुम्हाले'? उद्या बार कौन्सिलमध्ये कोणी दाखवला हा मेसेज तर?"

"'उलटतपासणी' तिने कधी ऐकलं नाही. 'क्रॉस' ऐकलंय, तुमच्याच तोंडून. 'लास्ट चान्स' भाऊरावला प्लांटमध्ये चार्जशीट मिळाली होती तेव्हापासून तिला पाठ आहे. 'डेट', 'केस', 'साइन' हे तिचे रोजचे शब्द. इंग्रजी पाहिलं की तिला वाटेल ऑफिसचंच आहे. आणि काय करायचं ते तिच्या बोलीत."

"मग 'श्रीमती'ऐवजी 'मावशी' का नाही लिहिलंस?"

"नात्यातल्या माणसांनीच तिला बुडवलं, साहेब. नातं लावलं की तिला पुन्हा दयाराम आठवेल."

साहेबांनी मसुदा परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "रेकॉर्डसाठी रजिस्टर पोस्टाने इंग्लिश पत्र जाईल. साफ, एकही मराठी शब्द नाही. दयारामच्या वकिलाला, कोर्टाला, कोणालाही असली खिचडी जाणार नाही. फक्त हिला."

"फक्त तिलाच," मी म्हटलं. इथे आमचं पटलं. दोन वकिलांमध्ये भाषा साफच हवी, तिथे कोणी कोणाच्या बोलीत शिरलं की लोक विचारतात, कशाला?

मेसेज गेला. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी सोनूचा फोन आला ऑफिसात. "दीदी, मौसी की तबीयत खराब है." मी फोन ठेवून साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "गेली केस." त्या घराखेरीज बाईंचं स्वतःचं दुसरं छप्पर नव्हतं.

मंगळवारी दुर्ग कोर्टाच्या व्हरांड्यात आमच्या आधी बाई येऊन बसल्या होत्या. एकट्या. एका हातात आधार कार्ड, दुसऱ्यात फोन, घट्ट धरलेला.

"ऑटोनं आली," त्या म्हणाल्या. "सोनूले सांगितलं, देवळात जातो."

क्रॉस झालं. दयारामचा वकील आवाज चढवत गेला आणि न्यायाधीशांनी त्याला सावकाश पण मोठ्याने बोलायला सांगितलं, त्यामुळे बाईंना सगळं ऐकू आलं. त्या डगमगल्या नाहीत. मृत्युपत्राच्या दिवशी भाऊराव कुठे होता विचारलं, तर म्हणाल्या, "हॉस्पिटलात, बेहोश. कायची सही करते तो?" दयाराम मागच्या बाकावर पाय हलवत होता. केस अजून जिंकली नव्हती, पण आमची साक्ष कागदावर आली.

बाहेर आल्यावर मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं नाही. फोन माझ्यासमोर धरला.

"तुमचं इंग्लिश पाह्यलं तं समजलं, ऑफिसचं हाय. खाली पाह्यलं तं मीच वाचलं, कोणाले नाई विचारलं." मग त्यांनी बोटाने वर सरकवत सरकवत जुने मेसेज दाखवले, आमचे, सगळे इंग्रजी. "आता हेबी असेच लिवून द्या. एक एक. सोनूनं मले काय काय वाचून दाखवलं नाई, ते मले पाह्यचं हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. फक्त स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं.

मी बाकावर बसले आणि पहिला मेसेज लिहायला घेतला. "श्रीमती अंजनाबाई भाऊराव. तुमच्या केसची डेट..." बाई माझ्या खांद्यावरून अक्षर न अक्षर वाचत होत्या. त्यांच्या बटव्यात, आधार कार्डासोबत, सोनूला काही खायला न्यायचं म्हणून घरून घेतलेली रिकामी पिशवी घडी करून ठेवलेली होती. विसरू नये म्हणून ती काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. "परत जाताना त्याच्यासाठी समोसे घ्याचे हायेत," त्या म्हणाल्या. "उपाशी असल तो."