आधी कोण उघडणार

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात बसून सकाळपासून ती एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगत होती.

"आत्या, ते ॲप फक्त उघड. वर्षभर उघडलं नाही की खातंच काढून टाकतात. तुझं वर्ष पुढच्या आठवड्यात भरतंय."

"भरू दे." आत्याने मशीन काही थांबवलं नाही. "मी उघडलं की तुझ्या बापाला दिसणार, मी कधी आले होते ते. म्हणेल, आली ताई शेवटी नाक घासत."

भांडण आजीच्या कपाटावरून झालेलं. आजी गेली, कपाट आत्याच्या धाकट्या भावाने, म्हणजे भाचीच्या बाबांनी नेलं आणि त्याच दिवशी आत्याने स्मार्टफोन बंद करून बटणांच्या खणात कोंबला. सिम साध्या फोनात घातलं. गिऱ्हाइकांचं काही अडलं नाही. अडलं ते भाचीचं, कारण आजीने बोलून पाठवलेले सगळे निरोप आजी, आत्या आणि बाबा अशा तिघांच्याच ग्रुपमध्ये होते.

"बाबा तिथे नाहीतच! ही मुदत ज्याची त्याने ठरवायची असते, त्यांनी सहाच महिन्यांची ठेवली होती. काल उघडायला गेले तर नवीन खातं काढा म्हणे. आजीचा आवाज गेला सगळा. वेळच मिळाला नाही म्हणत रडत बसलेत."

"सोंग! पहिल्यापासून नाटकी."

"बरं, मी लॅपटॉपवर उतरवून घेते. पण त्यालाही तुझ्याच फोनवरून परवानगी लागते."

"मग नको."

भाचीचा संयम सुटला. तिने लॅपटॉप पिशवीत घातला. "ठीक आहे. आजी परत एकदा गेली असं समजते मी."

मशीन थांबलं. आत्याने खण ओढला.

फोन चार्जरला लावला, भाचीने आपल्या फोनवरून इंटरनेट दिलं आणि ॲप उघडलं. आजीचे निरोप जागच्या जागी होते. भाचीने लॅपटॉप जोडून घेतला.

"सुटलो! उघडलंस ना, आता मुदत पुन्हा पहिल्यापासून. नव्या लॅपटॉपला लगेच उतरवू देत नाहीत, उद्या उतरवते."

आत्याचं लक्ष नव्हतं. ग्रुपमध्ये भावाच्या नावाच्या जागी 'हटवलेलं खातं' असं आलं होतं. त्याखाली त्याचा शेवटचा निरोप होता, भांडणानंतरचा. 'तू आधी बोल. तोवर मीही हे उघडणार नाही.'

"अरे देवा," भाची म्हणाली. "तू उघडल्याशिवाय तुला हे कळणार तरी कसं होतं?"

"गाढव आहे गाढव!" आत्याचा आवाज फाटला. "माझ्यावर रुसून बसला आणि आईला घालवून बसला. आणि मी? मीही तेच करत होते!" तिने डोळे पुसले, चार्जर उपटला आणि शटरला हात घातला. "चल. उद्यापर्यंत कोण थांबतंय! आधी त्याला आईचा आवाज ऐकवते आणि मग दोन मुस्कटात देते."